बदली तासासाठी नोट कशी लिहावी: टाचण अपलोड आहे, पण वर्ग थांबलाय कुठे?

“समप्रमाण झालं, व्यस्त चालू आहे. टाचण ड्राइव्हवर टाकलंय.” रजेवर जाताना बहुतेक जण एवढा मेसेज टाकतात आणि निघतात. बदलीवर येणाऱ्याला त्यातून धड्याचं नाव कळतं. वर्गात पाऊल टाकल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, हे मात्र कळत नाही. मग तो मुलांनाच विचारतो, “कुठपर्यंत आलंय रे?” पुढच्या बाकावरची तीन मुलं तीन उत्तरं देतात आणि पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं तिथेच जातात.

हा लेख नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षकांसाठी आहे, मग तुम्ही शिक्षण सेवक असा किंवा तासिका तत्त्वावर. ठाणे-नवी मुंबईच्या शाळांत रजेची कारणं नेहमीचीच असतात: प्रशिक्षण, निवडणुकीचं काम, घरचं आजारपण आणि पावसाळ्यात बंद पडणारी सेंट्रल. शेवटचं कारण सोडलं तर नोट लिहायला आदली संध्याकाळ मिळते. ती कशी वापरायची हे मी सातवीच्या गणिताच्या एकाच उदाहरणावरून दाखवते. घटक आहे समप्रमाण व व्यस्तप्रमाण. टाचण आठ तासिकांचं आहे आणि वर्ग चौथ्या तासिकेत अर्ध्यावर थांबलाय.

आधी विचारा, तासावर कोण येणार

पर्यवेक्षकांना एवढं विचारून घ्या, कारण नोट त्यावर ठरते. एका दिवसाची रजा असेल, तर ऑफ तास ज्याच्या वेळापत्रकात रिकामा असेल त्याच्याकडे जातो. ते पीटीचे सर असतील किंवा हिंदीच्या मॅडम. त्यांना नवी संकल्पना शिकवायला लावू नका. झालेल्या भागाचा सराव द्या, उत्तरं सोबत लिहा, विषय संपला. त्या नोटेला चार ओळी पुरतात.

तीन-चार दिवसांची किंवा त्याहून लांब रजा असेल, तर शाळा विषयाचा माणूस बघते. इथे खरी नोट लागते, कारण तो पुढे शिकवणार असतो. आपल्या उदाहरणात चार दिवसांचं प्रशिक्षण आहे. येणारे सर गणिताचे पदवीधर आहेत, पण सातवीला पहिल्यांदाच शिकवणार आहेत. तास 7 अ आणि 7 ब या दोन्ही तुकड्यांचे आहेत.

फाइल त्यांच्या फोनवर उघडते का, ते बघा

आपल्या फोनवर ती उघडणारच, त्यावरून काही कळत नाही. ड्राइव्हवरच्या फाइलची लिंक पाठवली आणि परवानगी दिली नाही, तर समोरच्याला `Request access` एवढंच दिसतं. आपण प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये फोन सायलेंट करून बसलेले असतो. म्हणून `Share` मध्ये जाऊन `General access` खाली `Anyone with the link` निवडा आणि त्यापुढे `Viewer` ठेवा. शाळेच्या खात्यावरून बाहेरच्या माणसाला लिंक देण्यावर बंदी असेल, तर हा पर्याय चालणार नाही. मग संगणकावर `File`, `Download`, `PDF Document (.pdf)` असं जाऊन पीडीएफ काढा आणि तीच पाठवा.

दुसरी अडचण आपल्याच घरची आहे. बऱ्याच शाळांत टाचणं अजून जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. वर्डची ती फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडली की अक्षरांच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. फॉन्ट पाठवत बसू नका. ज्या संगणकावर ती नीट दिसते तिथेच पीडीएफ करा, नाहीतर सरळ छापील पानांचे फोटो काढा. आणि काहीही पाठवलं तरी एक प्रत कागदावर काढून शिक्षक कक्षात ठेवा. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पावसाळी दुपारी नेटवर्क मिळेल याचा भरवसा नाही.

वर्ग कुठे थांबलाय हे वह्यांवरून ठरवा

आपल्याला वाटतं, आपल्याला आठवतंय. पण दोन तुकड्यांना एकच घटक लागोपाठ शिकवला की कोणतं उदाहरण कोणत्या वर्गात झालं, याची डोक्यात सरमिसळ होते. टाचणाच्या फाइलवर तर अजिबात विसंबू नका. ती महिन्याच्या सुरुवातीला अपलोड झालेली असते आणि त्यानंतर मध्ये एखादी सुट्टी, एखादी स्पर्धा, एखादी चाचणी येऊन गेलेली असते. फाइलमध्ये काय ठरलं होतं ते असतं. काय झालं, ते मुलांच्या वर्गपाठाच्या वहीत असतं.

त्या दिवशी तास संपल्यावर प्रत्येक तुकडीतल्या तीन वह्या घ्या: एक भराभर लिहिणाऱ्याची, एक मधल्या वेगाच्या मुलाची आणि एक आदल्या दिवशी गैरहजर असलेल्याची. शेवटची तारीख आणि त्याखालची शेवटची ओळ बघा. मधल्या वेगाच्या मुलाची शेवटची ओळ म्हणजे वर्ग थांबला ती जागा. भराभर लिहिणारा फळ्याच्या पुढे गेलेला असतो, त्याच्यावरून ठरवलंत तर अर्धा वर्ग मागे राहतो. गैरहजर मुलाच्या वहीत किती पोकळी आहे तेवढी उजळणी दुसऱ्या दिवशी लागणार आहे. जमलं तर घंटा झाल्यावर फळा पुसायच्या आधी त्याचा एक फोटो काढा. तो फोटो नोटेसोबत गेला की अर्धी नोट वाचते.

आपल्या उदाहरणात वह्या काय सांगतात ते बघू. 7 ब मध्ये फळ्यावर प्रश्न होता: 8 मजूर एक काम 6 दिवसांत करतात, तर 12 मजूर ते किती दिवसांत करतील? त्याखाली मजूर आणि दिवस अशी दोन ओळींची सारणी होती. मजुरांच्या ओळीत 8, 12, 4, 24 लिहिलेले. दिवसांच्या ओळीत फक्त 6 आणि 4 भरलेले, पुढच्या दोन जागा रिकाम्या. 8 गुणिले 6 बरोबर 48 एवढं एका बाजूला लिहिलंय आणि तिथे घंटा झाली. “गुणाकार कायम राहतो” हे वाक्य कोणाच्याच वहीत नाही. म्हणजे व्यस्तप्रमाण या शब्दापाशी पोचलोय, नियमापाशी नाही.

थांबल्याची नोंद लिहिताना

“व्यस्तप्रमाण चालू” असं लिहू नका. पूर्ण झालेली शेवटची गोष्ट लिहा, अर्धवट राहिलेली गोष्ट लिहा आणि मुलांना कितपत जमतंय त्याचा पुरावा लिहा. पहिल्या दोन गोष्टी वहीतून मिळतात. तिसरी फक्त तुमच्याकडे आहे आणि तीच बहुतेक नोटांत सापडत नाही.

पुरावा म्हणजे शेरा नव्हे. “वर्गाला समजलेलं नाही” यातून समोरच्याला काहीच कळत नाही. “12 मजुरांना किती दिवस, असं विचारल्यावर बऱ्याच जणांनी 9 सांगितलं” हे लिहिलंत, की गणिताच्या माणसाला सगळं कळतं. 9 कुठून आलं? आदल्या दोन तासिका समप्रमाणात गेल्यात. मुलांच्या हाताला 8 भागिले 6 बरोबर 12 भागिले किती, हे वळण लागलंय. ते तसंच फिरवलं की 9 येतं. म्हणजे मजूर वाढले आणि दिवसही वाढले, आणि त्यात काही वावगं आहे असं मुलाला वाटतच नाही, कारण 9 हा छान पूर्णांक आहे.

ही गोष्ट नोटेत लिहिली की पुढचं उदाहरण कोणतं द्यायचं तेही ठरतं. 3 नळांनी टाकी 20 मिनिटांत भरते, तर 5 नळांनी किती वेळ लागेल? बरोबर उत्तर 12 मिनिटं. समप्रमाणाच्या सवयीने केलं तर 33 पूर्णांक 1 तृतीयांश येतं. असलं उत्तर आलं की मुलं स्वतःहून मान वर करतात. मग “नळ वाढवले तर टाकी लवकर भरेल की उशिरा?” एवढं विचारलं तरी काम होतं. म्हणून मजुरांच्या उदाहरणानंतर नळांचं घ्या, असं मी नोटेत स्पष्ट लिहिते आणि चुकीचं उत्तर काय येईल तेही कंसात लिहिते. वह्यांवरून नजर फिरवताना सरांना 33 दिसलं, की कोण कुठे अडकलंय ते न विचारता कळतं.

मजुरांच्या उदाहरणाची अजून एक गंमत आहे. तुर्भे-महापे भागातल्या शाळांत काही मुलांचे वडील नाक्यावर उभे राहून रोजंदारीवर जातात. ही मुलं खरोखरचा प्रश्न विचारतात: “सर, एका भिंतीला बारा माणसं कशी लागणार? शिडी तर एकच असते.” मुलाचं बरोबर आहे. गणितात आपण धरून चालतो की सगळे सारख्याच वेगाने काम करतात आणि कोणी कोणाच्या आड येत नाही. हे गृहीत फळ्यावर लिहा, असं नोटेत सांगून ठेवा. नाहीतर नवा माणूस त्या प्रश्नावर गडबडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे मुलाला गप्प बसवतो.

टाचणाचा सारांश: जेवढं लागणार तेवढंच

आठ तासिकांचं टाचण चार-पाच पानांचं असतं. त्यात अध्ययन निष्पत्ती, पूर्वज्ञान, साहित्य, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, मूल्यमापन असे रकाने असतात आणि तपासणाऱ्या साहेबांसाठी ते सगळे भरावेच लागतात. बदलीच्या सरांना त्यातले फक्त शिक्षक कृती आणि मूल्यमापन हे रकाने लागतात, तेही चार दिवसांत येणाऱ्या तासिकांचे. बाकीचं हवं असेल तर फाइलमध्ये आहेच.

झालेल्या तासिका एका वाक्यात उरका: गुणोत्तराची उजळणी, एकमान पद्धत, समप्रमाणाची ओळख आणि उदाहरणं. पुढच्या तासिकांना दोन-दोन ओळी द्या. टाचणाप्रमाणे चौथी आणि पाचवी तासिका व्यस्तप्रमाणाची, सहावी मिश्र उदाहरणांची, सातवी भागीदारीची, आठवी चाचणीची. पण चार दिवसांत चार तासिका होतील असं धरू नका. अनोळखी वर्गात नव्या माणसाचा वेग कमीच असतो. मी चौथीचा उरलेला भाग, पाचवी आणि सहावी एवढंच देते आणि भागीदारीला हात लावू नका असं लिहिते.

सारांशात सर्वांत महत्त्वाची असते ती टाचणापेक्षा वेगळी घडलेली गोष्ट. फाइलमध्ये चौथ्या तासिकेत चौकटीच्या कागदाची कृती आहे: 24 चौकोनांचे जितके आयत बनतील तितके बनवा आणि प्रत्येकाची लांबी-रुंदी लिहा. मुलं 1 गुणिले 24, 2 गुणिले 12, 3 गुणिले 8, 4 गुणिले 6 अशा जोड्या काढतात. लांबी वाढली की रुंदी घटते आणि गुणाकार मात्र 24 च राहतो, हे त्यांना कागदावर दिसतं. पण त्या दिवशी कागद आले नाहीत, म्हणून मजुरांच्या उदाहरणापासून सुरुवात झाली. फाइल वाचणाऱ्याला वाटेल, कृती झाली. तो थेट “काल आपण आयत बनवले ना” असं म्हणेल आणि वर्ग त्याच्याकडे बघत बसेल. म्हणून लिहा: “कृती झालेली नाही. चौकटीचे कागद माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. कपाटाची किल्ली शिपाईकाकांकडे.” किल्लीचं वाक्य विसरलात तर कागद असून नसल्यासारखेच.

गृहपाठाचंही तसंच आहे. टाचणात पूर्ण सरावसंच लिहिलेला असतो, प्रत्यक्षात समप्रमाणाची पहिली तीनच उदाहरणं दिलेली असतात. मुलांना हा फरक तोंडपाठ असतो, तेव्हा तो सरांनाही माहीत असू द्या.

एक फाइल, दोन तुकड्या

7 अ एक तासिका पुढे आहे. तिथे सारणी पूर्ण झाली, नियम लिहिला गेला, नळांचं उदाहरणही सुटलं. 7 ब तिथे पोचलेलीच नाही. दोन्ही तुकड्यांची फाइल एकच, त्यामुळे नोटेत दोन्हींचा थांबा वेगवेगळा आणि ठळक लिहा. शक्य असेल तर दोन वेगळ्या कागदांवर. एकाच कागदावर वर-खाली लिहिलं, तर घाईत वरचा मजकूर वाचून माणूस वर्गात शिरतो.

शिवाय 7 अ सेमी इंग्रजी आहे. त्यांच्या पुस्तकात डायरेक्ट प्रपोर्शन आणि इन्व्हर्स प्रपोर्शन आहे, 7 ब च्या पुस्तकात समप्रमाण आणि व्यस्तप्रमाण. समजावणं दोन्हीकडे मराठीतच चालतं, पण फळ्यावरचे शब्द वहीत उतरतात आणि वहीतून परीक्षेत जातात. तेव्हा फळ्यावर कोणत्या वर्गात काय लिहायचं ते सांगून ठेवा.

कुठे थांबायचं, तेही लिहा

हुशार बदली शिक्षकाचा एक धोका असतो. त्याला विषय इतका येतो, की तो पुढचंही सांगून मोकळा होतो. गणिताचे पदवीधर सर प्रमाणाचं ∝ हे चिन्ह आणि स्थिरांक k फळ्यावर आणणार, हे जवळजवळ ठरलेलं. आपल्या अभ्यासक्रमात ते आठवीत, चलन या पाठात येतं. सातवीत फक्त एवढी कसोटी पुरते: दोन राशींचा भागाकार कायम राहतो की गुणाकार. नोटेत एक ओळ टाका, “∝ आणि k नको, ते आठवीत आहे.” सरांना राग येत नाही, उलट हायसं वाटतं.

मिश्र उदाहरणांच्या तासिकेसाठी अजून एक इशारा द्यावा लागतो. “एक वाढलं की दुसरं वाढतं, म्हणजे समप्रमाण” असं सोपं सूत्र तोंडून निघून जातं आणि मुलं ते धरून बसतात. वय वाढलं की उंची वाढते, पण वय दुप्पट झाल्यावर उंची दुप्पट होत नाही. रिक्षाचं उदाहरण तर हमखास सुचतं: अंतर जास्त, भाडं जास्त. पण आपल्याकडे पहिल्या दीड किलोमीटरला किमान भाडं ठरलेलं आहे. अर्धा किलोमीटर गेलात काय नि दीड गेलात काय, पैसे तेवढेच. स्टेशनपर्यंत रोज रिक्षाने जाणारं पोरगं हे लगेच दाखवून देतं. रिक्षाचं उदाहरण “हे समप्रमाण आहे का, तपासा” म्हणून द्यायला झकास आहे. समप्रमाण शिकवायला म्हणून घेतलं तर फसतं.

नोट प्रत्यक्षात कशी दिसते

वर एवढं सगळं सांगितलं, पण कागदावर ते एका पानात बसायला हवं. सर शिक्षक कक्षातून निघून जिना चढेपर्यंत ते वाचतात, त्यापेक्षा जास्त वेळ त्यांना मिळत नाही. म्हणून वर्ग कुठे थांबला ते सर्वांत वर, सारांश त्याखाली. 7 ब ची नोट अशी होते:

> 7 ब, गणित, दुपार सत्र, तिसरी तासिका
>
> थांबलो ते: 8 मजूर 6 दिवस, 12 मजूर किती? सारणी अर्धी भरली आहे (मजूर 8, 12, 4, 24, दिवस 6, 4, __, __). उरलेली उत्तरं 12 आणि 2. “गुणाकार कायम” हा नियम अजून सांगितलेला नाही. फळ्याचा फोटो सोबत आहे.
>
> मुलांची चूक: बरेच जण 12 मजुरांना 9 दिवस म्हणतात (समप्रमाणाची सवय).
>
> पहिली दहा मिनिटं: सारणी पुन्हा फळ्यावर, रिकाम्या जागा मुलांकडून भरून घ्या. प्रत्येक जोडीचा गुणाकार मुलांनी करायचा, 48 त्यांनीच म्हणायचं. “सगळे सारख्या वेगाने काम करतात असं धरू” हे लिहा.
>
> मग: 24 चौकोनांची कृती. ती झालेली नाही, टाचणात चौथ्या तासिकेत आहे. कागद माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात, किल्ली शिपाईकाकांकडे. त्यानंतर नियम वहीत.
>
> पुढच्या दिवशी: 3 नळ 20 मिनिटं, 5 नळ किती? (उत्तर 12. कोणी 33 काढलं तर त्याच्याशी बोला.) मग पुस्तकातली व्यस्तप्रमाणाची उदाहरणं.
>
> तिसरा-चौथा दिवस: मिश्र उदाहरणं. आधी “भागाकार कायम की गुणाकार?” हे ठरवायचं, मग सोडवायचं.
>
> इथे थांबा: भागीदारी मी घेईन. ∝ आणि k नको.
>
> गृहपाठ: समप्रमाणाची पहिली तीनच उदाहरणं दिली आहेत, तपासायची राहिली आहेत.
>
> टाचण: पीडीएफ पाठवली आहे, छापील प्रत शिक्षक कक्षात. तुम्हाला त्यातल्या तासिका 4, 5, 6 पुरतील.

शंका काढायची असेल तर अशी नोट लिहून झाल्यावर दुसऱ्या विषयाच्या एखाद्या मॅडमना वाचायला द्या आणि विचारा, “वर्गात गेल्यावर पहिल्यांदा काय कराल?” त्यांनी “सारणी फळ्यावर काढीन” असं म्हटलं तर नोट बरोबर. “मुलांना विचारीन कुठपर्यंत झालंय” असं म्हणाल्या तर पुन्हा लिहा.

नोटेत मुलांविषयी लिहिताना हात आखडता घ्या. कागद टेबलावर राहतो, मुलं तो वाचतात. व्हॉट्सॲपवरून तर तो कुठेही जातो. “अमका मंद आहे” किंवा “तमकीच्या घरी भांडणं आहेत” असलं काही कागदावर येऊ नये. शिकवण्यासाठी जे खरंच लागतं तेवढं नाव न घालता लिहा: “खिडकीजवळ पहिल्या बाकावरच्या मुलीची जागा बदलू नका, फळ्याकडे तोंड करून बोलू नका.” तिला ऐकायला कमी येतं हे वर्गशिक्षिका सरांना तोंडी सांगतील. औषधाची किंवा घरची गोष्ट असेल तर तीही तोंडीच, आणि ज्याला गरज आहे त्यालाच.

परतीची चिठ्ठी

नोटेच्या पानाखालचा चार बोटं भाग कोरा सोडा आणि त्यावर “सर, तुम्ही कुठे थांबलात?” एवढंच लिहा. छापील तक्ता देऊ नका. तो दिला की लोक सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा करून मोकळे होतात. कोऱ्या जागेत माणूस वाक्य लिहितो आणि आपल्याला वाक्यच हवं असतं. चिठ्ठी रोजच्या रोज लिहायला सांगा, चौथ्या दिवशी चार दिवसांचं एकदम कोणालाच आठवत नाही.

7 ब च्या कागदाखाली शेवटच्या दिवशी असं काही लिहून आलं, तर तुमचं काम सोपं झालं: “मिश्रमधली पाच झाली. रिक्षावरून वाद झाला, निम्मे अजून समप्रमाणच म्हणतात. नळांचं सगळ्यांना येतं. वेग आणि वेळ घेतलं नाही.” परत आल्यावर आधी हे वाचा, मग त्याच तीन मुलांच्या वह्या मागवून पडताळा. नंतर अपलोड केलेल्या टाचणात चौथ्या ते सहाव्या तासिकेसमोर प्रत्यक्ष तारखा आणि झालेला भाग भरा. वेग आणि वेळ सातव्या तासिकेच्या सुरुवातीला घाला. भागीदारी त्यामुळे अर्धी तासिका पुढे जाईल. 7 अ ची चाचणी एक दिवस आधी ठेवायची की दोन्ही तुकड्यांची एकत्र, हे त्याच दिवशी पर्यवेक्षकांशी बोलून ठरवा, कारण प्रश्नपत्रिका एकच असेल तर 7 अ मधून सुटलेले प्रश्न मधल्या सुट्टीत 7 ब पर्यंत पोचलेले असतात.